चिठ्ठ्या दोन, वारस चार

मला राग पटकन येतो, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. खरं तर तो यायला हवा तेव्हा आला नाही, आणि मी शहाण्यासारखी मान डोलावत बसले, याचाच मला जास्त राग आहे.

नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले त्याला चार वर्षं होऊन गेली होती. आमचं गाव देऊळघाटच्या अंगाला. पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, धाकट्या भावाच्या गाडीवर त्या जुड्यांच्या पोत्यासोबत स्वतःलाही कोंबायचं, बुलढाण्याच्या बाजारात तो उतरला की मी पुढे चालत लॉ कॉलेजला. छत्तीस वर्षांची बाई पहिल्या बाकावर बसते म्हणून पोरं आधी मला मॅडम समजायची. नंतर नोट्स मागायला लागली.

ज्युरिसप्रुडन्सच्या, म्हणजे कायद्यामागच्या तत्त्वांच्या पेपराला सेमिनार असायचा. सरांनी विषय वाटले आणि माझ्या वाट्याला ‘अज्ञानाचा पडदा’ आला. अट अशी की वीस मिनिटं बोलायचं, कागद बघायचा नाही आणि शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्यालाही कळलं पाहिजे. ‘एका अमेरिकन प्राध्यापकाचा सिद्धांत आहे,’ सर म्हणाले, ‘पण उदाहरण मला इथलं हवं. अमेरिका कोणी पाहिलेली नाही.’

उदाहरण माझ्या घरात ताजं होतं. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं आणि दोन महिन्यांपूर्वीच भावाभावांची वाटणी झाली होती. जमीन आठ एकर, वडिलांनी स्वतः घेतलेली. विहिरीकडचा भाग काळ्या मातीचा, नाल्याकडचा मुरमाड. दादाचं म्हणणं, विहिरीकडचं मला, कारण मी थोरला. धाकटा म्हणायचा, मग मी काय मुरूम खाऊ का? आठवडाभर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, वहिन्या ताटं आदळत होत्या. शेवटी मामा आला. मामा म्हणजे आईचा भाऊ, आमच्याकडे कुठलंही भांडण झालं की त्यालाच बोलावतात. त्यानं दादाला सांगितलं, ‘वाटे तूच पाड. पण कोनता कोनाले, ते चिठ्ठीवर.’

त्या एका वाक्यानं दादा बदलला. आदल्या दिवशीपर्यंत जो माणूस विहीर सोडायला तयार नव्हता, तो सकाळी दोरी आणि खुंट्या घेऊन शेतात गेला आणि संध्याकाळपर्यंत मोजतच राहिला. मुरमाड वाटा कदाचित आपल्याच पदरात पडेल, म्हणून त्यानं तो साडेचार एकरांचा केला आणि काळा साडेतीनचा. विहीर सामाईक ठेवली, मोटारीचे वार वाटून दिले. मागच्या वाट्याला जायला रस्ता नव्हता, तर बांधाच्या कडेनं बैलगाडी जाईल एवढी वाट सोडली. ‘पावसात तिकडं चिखल होतो, अजून हातभर रुंद पाह्यजे,’ असं तो स्वतःहून म्हणाला. धाकट्यानं दहा वेळा मागूनही हातभर वाट त्यानं दिली नसती.

चिठ्ठ्या मी लिहिल्या. माझं अक्षर चांगलं आहे ना! ‘विहीर’ आणि ‘नाला’. दादाच्या पाच वर्षांच्या पोरीनं त्या उचलून दिल्या, कारण चिठ्ठी लहान मुलीच्या हातून उचलायची, असं आमच्याकडे मानतात. दादाला नाला निघाला. त्यानं हूं की चूं केलं नाही. सगळ्यांनी चहा घेतला आणि मामा म्हणाला, ‘आता याले म्हनते न्याय.’ मीही तसंच म्हटलं.

सेमिनारच्या दिवशी वर्गात पंचवीसेक जण होते. मी फळ्याशी उभी राहिले आणि म्हटलं, समजा उद्या आपल्याला एका नव्या समाजाचे नियम ठरवायचे आहेत. कोणाला काय हक्क, कोणाला शिकायला मिळणार, जमीन-जुमला कोणाकडे जाणार, सगळं. आता आपण बसलो आणि भांडलो, तर काय होईल? ज्याच्याकडे जमीन आहे तो म्हणेल, जमिनीला हात लावू नका. ज्याच्या अंगात बुद्धी आहे तो म्हणेल, बुद्धीला जास्त द्या. प्रत्येक जण आपल्या पोळीवर तूप ओढणार. म्हणून हा प्राध्यापक म्हणतो, नियम ठरवणाऱ्यांसमोर एक पडदा टाका. पडद्यामागे गेल्यावर कोणालाच माहीत नाही की आपण श्रीमंत की गरीब, कोणत्या जातीचे, धडधाकट की अपंग, हुशार की मठ्ठ. आपला धर्म कोणता, आपल्याला आयुष्यात काय आवडतं, धोका पत्करायचा आपला स्वभाव आहे की नाही, हेही नाही. आपण कोणत्या पिढीचे, तेही नाही.

‘मग त्याले माहीत तरी काय राह्यते?’ मागून एकानं विचारलं आणि वर्ग हसला.

जगाची सर्वसाधारण रीत माहीत असते, मी म्हटलं. माणसं कशी वागतात, बाजार कसा चालतो, वस्तू सगळ्यांना पुरेल एवढी नसते, हे ठाऊक. आणि हेही ठाऊक की आपण कोणीही निघालो तरी काही गोष्टी आपल्याला लागणारच. हक्क, मोकळीक, संधी, पोटापुरतं उत्पन्न आणि चारचौघांत मान वर करून जगता येईल एवढी इज्जत. ही माणसं साधुसंत नाहीत, हे लक्षात ठेवा. प्रत्येक जण स्वतःचंच बघतोय. पण स्वतः कोण हेच माहीत नसल्यामुळे स्वतःचं बघायचं तर सगळ्यांचं बघावं लागतं. तिथे घासाघीसही होत नाही, कारण घासाघीस करायला आपल्या हातात काय आहे हे माहीत असावं लागतं. म्हणून जे एकाला पटेल ते सगळ्यांना पटेल. आणि एकदा ठरलं की ठरलं. पडदा वर गेल्यावर ‘मला वाटलं नव्हतं मी असा निघेन’ म्हणून पलटता येत नाही.

मग ते काय निवडतील? आधी सगळ्यांना सारखी मूलभूत स्वातंत्र्यं, आणि ती कशाच्याही बदल्यात विकायची नाहीत, जास्त पैसा मिळत असला तरी. त्यानंतर पदं आणि संधी सगळ्यांना खरोखर खुल्या. आणि कमी-जास्त राहणारच असेल, तर ते सर्वांत खालच्या माणसाचं भलं करत असेल तरच चालेल. कारण तो खालचा माणूस मीच निघू शकते.

पहिल्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. तो हुशार आहे, त्याचा मला जरा हेवाच वाटतो. तो म्हणाला, ‘पण ताई, सरासरी काढा ना. सगळ्यांचं मिळून सरासरी सुख जास्त येईल असा नियम घ्या. वाईट जागा मिळायचा चान्स किती?’

मी म्हटलं, चान्स किती तेच तर पडद्यामागे माहीत नसतं. आणि डावावर एका हंगामाचं पीक नाही, आख्खं आयुष्य आहे. सरासरी चांगली आली तरी जो खाली सापडतो त्याला ती सरासरी खायला मिळत नाही. अशा वेळी माणूस आधी सर्वांत वाईट जागा बघतो आणि ती सोसण्याजोगी करून ठेवतो. सर मान हलवत होते. मला अगदी चढलं होतं.

त्या भरात मी शेवटी दादाची गोष्ट सांगितली. दोरी, खुंट्या, हातभर रुंद वाट, सगळं रंगवून. ‘आमच्या अडाणी मामाला हा सिद्धांत कोणी शिकवला नव्हता,’ मी म्हटलं, ‘पण चिठ्ठीचा पडदा टाकल्याबरोबर माझा भाऊ न्यायानं वागला.’ टाळ्या पडल्या.

शेवटच्या बाकावर एक निवृत्त तलाठी बसायचे. आयुष्यभर सातबारे लिहिले आणि आता वकील व्हायचं मनात घेतलेलं. ते कधी बोलत नसत. त्या दिवशी बसल्या जागेवरून त्यांनी विचारलं, ‘ताई, चिठ्ठ्या किती व्हत्या?’

‘दोन.’

‘अन् वारस?’

मी बोटांवर मोजायला लागले. वडिलांची स्वकष्टाची जमीन, मृत्युपत्र नाही. आई, दादा, धाकटा आणि मी. सारखे चार हिस्से. हे कलम मी महिनाभर आधी परीक्षेत लिहून आले होते, मार्कही चांगले पडले होते. ‘चार,’ मी म्हटलं.

‘मंग हक्कसोड झालं असन तुमचं,’ ते म्हणाले. टोमणा नव्हता. आयुष्यभर जे पाहिलं तेच बोलले. आमच्याकडे बाप गेला की बहिणी निबंधकाच्या कार्यालयात जाऊन ‘स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता’ आपला हिस्सा भावांना सोडून देतात, आणि भाऊ त्यांना साडीचोळी करतो. मी अजून सही केली नव्हती. सोमवारी करणार होते. माझी साडी आणूनही झाली होती, मोरपंखी.

सर मला वाचवतील असं वाटलं. त्यांनी वाचवलं नाही, आणि आज मला वाटतं बरं केलं. ते म्हणाले, ‘तुमचं उदाहरण चांगलं आहे, पण ते या सिद्धांताचं नाही. चिठ्ठी वाटा झाकते, पडदा माणूस झाकतो. तुमच्या भावाला कोणता तुकडा मिळेल ते माहीत नव्हतं, पण आपण भाऊ आहोत हे पक्कं माहीत होतं. म्हणून तो दोन भावांपुरताच न्यायी झाला. बहीण किंवा आई आपण निघू शकतो, असं त्याला एक क्षणही वाटलं नाही. दुसरं, हा सिद्धांत एका शेताच्या वाटणीसाठी नाहीच. वारसा कोणाला, हा नियम ज्या पातळीवर ठरतो तिथला तो आहे. तो नियम कायद्यानं आधीच सारखा करून ठेवलाय. घरी जाऊन त्याचं काय होतं, ते तुम्ही आत्ता सांगितलंत.’

मग ते म्हणाले, मूळ पुस्तकातही पडद्यामागची माणसं कुटुंबप्रमुख अशी कल्पिली होती, आणि झाकायच्या गोष्टींच्या यादीत आपण बाई की पुरुष हे लिहिलंच नव्हतं. पुढे एका विदुषीनं ते दाखवून दिलं. नंतर त्या प्राध्यापकानंही ते मान्य केलं.

बघा म्हणजे! एवढा मोठा विद्वान, आख्ख्या जगाचा न्याय मांडायला बसलेला, आणि बाई विसरला. मला त्याचा जेवढा राग आला, तेवढा दादाचाही आला नव्हता. आणि त्याच्यापेक्षा जास्त स्वतःचा. त्या प्राध्यापकानं निदान चिठ्ठ्या स्वतः लिहून, सुंदर अक्षर काढून, बाजूला उभं राहून टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

घरी गेले ती पायातल्या चपलांसकट ओसरीवर चढले. दादा, धाकटा, दोन्ही वहिन्या, आई, सगळे शेंगा फोडत बसले होते. मी म्हटलं, ‘मी सोमवारी सही करणार नाही.’

‘काऊन? काय झालं आता?’ दादा म्हणाला. तो चिडला नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं. ‘तुह्या लग्नाले काय कमी केलं का आम्ही? अन् आता चार वर्सं झाली, कोनी म्हनलं का तुले, जा म्हनून? राह्य ना इथंच. कोन हाकलून राह्यलं तुले?’

हे ‘राह्य ना’ मला चावतं. कोणी ‘राह्य’ म्हणतं, याचा अर्थ उद्या ‘राहू नको’ म्हणायचा हक्क त्याच्याकडे आहे. माझ्या जुड्या, माझी पहाट, माझी खुरपणी, आणि राहायचं मात्र त्याच्या मेहेरबानीवर. मी ते तसंच बोलून दाखवलं. आवाज शेजारी गेला असेल, जाऊ दे.

मग मी दादाला समोर बसवलं आणि पडदा टाकला. ‘दादा, समज तू उद्या उठला अन् तुले माहीतच नाही का तू कोन हाएस. तू दादा असशीन, मी असशीन, आई असशीन, नाहीतर वहिनी असशीन. आता सांग, जमिनीचा नियम काय करशीन?’

दादानं खरंच विचार केला. हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग म्हणाला, ‘पन मी तं मीच हाओ ना वं.’

सेमिनारमध्ये कोणाला सुचला नव्हता इतका खरा आक्षेप होता तो. सगळा सिद्धांत या एका वाक्यावर अडतो. ज्याला आपली जागा सोडून उभं राहता येत नाही, किंवा राहायचंच नाही, त्याला कुठला पडदा दाखवणार? मी त्याला म्हटलं, ‘वाटे पाडतानी तर आला होता ना थोडा बाहेर? हातभर वाट दिली ना?’ तर म्हणतो, ‘ते येगळं. ते भावाभावाचं व्हतं.’

तेवढ्यात धाकटी वहिनी, जी घरात मोठ्यांसमोर कधी बोलत नाही, मान खाली घालूनच म्हणाली, ‘मी असती तं चार केले असते.’ धाकट्यानं तिच्याकडे असं बघितलं की ती उठून आत गेली. तिनं स्वतःच्या माहेरी मागच्याच साली सही केली आहे.

मी साडी दादाच्या पुढ्यात ठेवली आणि तीन दिवस त्या घरात कोणाशी बोलले नाही. माझ्या मनात मी जिंकले होते. सर्वांत खालच्या माणसाकडे बघा, असं मी वर्गात सांगितलं होतं, आणि तो खालचा माणूस म्हणजे मीच, यात मला शंका नव्हती. नवऱ्याचं घर सुटलेली, लेकरू नसलेली, भावाच्या दारी राहिलेली. तीन दिवस मी स्वतःची कीव आणि स्वतःचं कौतुक आलटून पालटून करत होते.

सोमवारी दादानं गाडी काढली. माझं राहू दे, निदान आईचं हक्कसोड करून घेऊ, असं दोघा भावांचं ठरलं होतं. आई मला म्हणाली, ‘तू चाल मायासंगं.’ मला वाटलं, तिला सोबत हवी असेल. गेले.

निबंधकाच्या कार्यालयाबाहेर दस्त टाइप झालेला होता. आईनं तिथेच सही केली, ती सही करायला शिकली तेव्हापासून फक्त कागद सोडायलाच करत आली आहे. तिच्या माहेरच्या जमिनीचं हक्कसोडही तिनं असंच केलं होतं, मामाच्या नावानं. न्याय न्याय करणारा तोच मामा. आज तो साक्षीला हजर होता, पांढरं स्वच्छ धोतर नेसून.

आत गेलो. फोटो झाला, अंगठे झाले. साहेब खाली बघतच म्हणाले, ‘मजकूर वाचून दाखवलाय ना मावशी? कबूल आहे? स्वखुशीनं करताय ना, कोणाचा दबाव नाही?’ हा प्रश्न ते दिवसातून कितीदा विचारत असतील. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. मी आईच्या तोंडून ‘हाव’ ऐकायच्या तयारीनंच उभी होते, आणि मनातल्या मनात तिच्यावर चिडूनही घेतलं होतं.

आई म्हणाली, ‘साहेब, नाई म्हनलं तं सांजच्याले भाकर कोन देईन, ते बी त्याच्यात लिवून घेता का?’

साहेबांनी वर पाहिलं. मामा म्हणाला, ‘बाई, असं काय करतं?’ दादाचा चेहरा लाल झाला. आई टेबलाला धरून उभी होती. ‘एकडाव भावाले देल्लं,’ ती म्हणाली, ‘आता पोराईले द्या म्हनता. मले कोनी देते का कुठी? ही लेक तरी हिंडून फिरून कमावून खाईन, शिकून राह्यली. मी कुठी जाऊ?’

साहेबांनी दस्त बाजूला सरकवला. ‘मावशींना कबूल नाही. नोंद होणार नाही,’ म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला.

बाहेर आल्यावर दादा माझ्या अंगावर धावूनच आला. ‘हे तूच शिकोलं तिले! तीन दिवस तोंड बंद ठिवून हेच शिकोलं ना?’

मी भांडायला तोंड उघडलं, कारण भांडण मला येतं. पण काय सांगणार होते? वर्गात ‘वारस चार’ म्हटल्यापासून मी एकट्या तिसऱ्या चिठ्ठीसाठीच भांडत होते. सर्वांत खाली कोण उभं आहे ते बघा, असं पंचवीस लोकांना सांगितलं, आणि घरात आई समोर शेंगा फोडत बसली होती, तर तिच्याकडे पाहिलंही नाही. आईला मी काहीही शिकवलं नव्हतं. मी तिला साधं विचारलंसुद्धा नव्हतं.